शेवटची रेघ ओलांडल्यावर

पोलीस भरतीच्या मैदानावर मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. पाच-सहा मिनिटं जीव तोडून धावलेला उमेदवार शेवटची रेघ ओलांडतो आणि गुडघ्यांवर हात ठेवून जागीच उभा राहतो. काही क्षणांत त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. धावताना ठणठणीत असलेल्याला थांबल्यावर भोवळ का यावी?

कारण त्याच्या पायांत आहे. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं आणि त्यातलं जेमतेम एक लिटर स्नायूंकडे जातं. जोरात धावताना हा आकडा २० लिटरच्या आसपास पोचतो आणि त्यातला बहुतेक वाटा स्नायूंना मिळतो. त्यासाठी पायांतल्या रक्तवाहिन्या चांगल्याच रुंदावतात. खाली आलेलं हे रक्त परत वर चढवण्याचं मोठं काम पोटऱ्या आणि मांड्या करतात. प्रत्येक पावलाला स्नायू आवळतो, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत.

पाय थांबले की हे ढकलणं थांबतं, पण रुंदावलेल्या वाहिन्या लगेच आकसत नाहीत. रक्त पायांत साचतं. हृदय अजून वेगाने धडधडत असतं, पण त्याच्याकडे परत येणारं रक्तच कमी झालेलं असतं. रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि भोवळ येते. उन्हात त्रास वाढतो, कारण अंग थंड करण्यासाठी बरंच रक्त त्वचेकडे गेलेलं असतं आणि घामाने शरीरातलं पाणीही घटलेलं असतं.

म्हणून रेघ ओलांडल्यावर थांबू नका. वेग हळूहळू कमी करत आधी सावकाश पळा, मग पाच ते दहा मिनिटं चाला. श्वास आणि नाडी बऱ्यापैकी उतरल्यावरच बसा. नोंदीसाठी रांगेत उभं राहावंच लागलं, तर टाचा वर-खाली करत राहा. जिममध्ये ट्रेडमिलही एकदम बंद न करता वेग टप्प्याटप्प्याने उतरवा. लगेच गरम पाण्याने अंघोळ करू नका. त्याने त्वचेतल्या वाहिन्या आणखी रुंदावतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालण्याला जास्त वेळ द्यावा.

तरीही गरगरलंच तर लगेच आडवं व्हा आणि पाय फूटभर उंच ठेवा. भोवळ आलेल्याला दोघांनी बखोटीला धरून उभं करणं चूक आहे. त्याने मेंदूकडे जाणारं रक्त आणखी कमी होतं. झोपवल्यावर बहुतेकांना काही मिनिटांत बरं वाटतं.

पण कुणी धावता-धावताच कोसळला, छातीत दुखू लागलं, अंग तापून तो असंबद्ध बोलू लागला किंवा झोपवूनही बरं वाटेना, तर ही साधी भोवळ समजू नका. लगेच १०८ ला फोन करा. अंग तापलं असेल तर मदत येईपर्यंत सावलीत नेऊन गार पाणी ओतत राहा. हाक मारूनही प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर क्षणही न दवडता छातीच्या मध्यभागी जोरजोरात दाब द्यायला सुरुवात करा.