आठ खुंट्यांच्या अठ्ठावीस जोड्या

वरवंडला ज्वारीची कणसं खुडून झाली की धाटं मुलांच्या हाती लागतात. वरचं कडक साल सोललं की आत पांढरं, हलकं भेंड निघतं. त्याचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी जोडून पोरं बैलगाड्या करतात. ओळखीच्या घरातल्या सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मी तेच सामान घेऊन कर्ण मोजायला बसलो. सोबत आठ खुंट्या आणि सुतळीचं एक बंडल होतं.

अंगणात खुंट्या साधारण गोलात ठोकल्या आणि कडेकडेनं सुतळी फिरवून अष्टकोन केला. शेजारशेजारच्या नसलेल्या दोन खुंट्या जोडणारी सरळ सुतळी म्हणजे कर्ण. पहिल्या खुंटीपासून किती कर्ण निघतील? मुलांनी बांधून पाहिलं. स्वतःकडे सुतळी जात नाही, आणि डावी-उजवीकडच्या खुंट्यांकडे जाते ती बाजू, कर्ण नव्हे. आठातून तीन गेल्या, पाच उरल्या. प्रत्येक खुंटीची हीच स्थिती.

"मग आठ पंचे चाळीस," एक मुलगी लगेच म्हणाली. पण सगळ्या सुतळ्या बांधून झाल्यावर मोजल्या तर भरल्या वीस. तिनं एक सुतळी बोटानं धरली, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "काका, ही या खुंटीनं पण मोजली आणि त्या खुंटीनं पण." चाळीस हा आकडा चुकीचा नव्हता, पण ती सुतळ्यांच्या टोकांची संख्या होती. एका सुतळीला दोन टोकं, म्हणून सुतळ्या वीस.

एवढ्यावर थांबू नये. तेच उत्तर दुसऱ्या वाटेनं यायला हवं. मुलांना मी सांगितलं, आता क्रमानं जा आणि प्रत्येक खुंटीपाशी फक्त नवीन, आधी न मोजलेले कर्ण मोजा. पहिलीचे पाच, दुसरीचेही पाच, तिसरीचे चार, कारण पहिलीकडे जाणारा आधीच मोजला होता. पुढं तीन, दोन, एक. शेवटच्या दोन खुंट्यांना नवीन काहीच उरलं नाही. बेरीज वीस. पहिल्या दोघींना सारखेच पाच का, हे इथं नीट समजून घ्यावं. त्या शेजारी असल्यामुळं त्यांच्यात कर्णच नाही, त्यामुळं दुसरीचा एकही कर्ण पहिलीनं घेतलेला नसतो. अशा मोजणीत सर्वात जास्त चुका इथंच होतात. पाचानंतर सरळ चार धरले की बेरीज पंधरा येते आणि पाच कर्ण हरवतात.

शाळेत हेच सूत्र म्हणून येतं: बाजूंच्या संख्येतून तीन वजा करा, मूळ संख्येनं गुणा, दोननं भागा. त्रिकोणाला शून्य, चौकोनाला दोन, पंचकोनाला पाच, षटकोनाला नऊ. आकार वेडावाकडा असला तरी संख्या बदलत नाही. एल आकाराच्या शेताला सहा कोपरे असतात, म्हणून कर्ण नऊच. खाचेच्या दोन बाजूंची बाहेरची टोकं जोडणारी दोरी मात्र शेजाऱ्याच्या रानातून जाईल. तीही कर्णच धरायची, कारण इथं आपण कोपऱ्यांच्या जोड्या मोजतो, दोरी कुठून जाते ते पाहत नाही.

मग भेंडाचा घन केला. दहा सेंटिमीटरचे बारा तुकडे, आठ कोपरे, आणि जोडायला बाभळीचे काटे. सांगाडा उभा राहिला, पण हात लावला की कलायचा. प्रत्येक पृष्ठावर एकेक तिरकी काडी बसवली तेव्हा तो घट्ट झाला. ही काडी साधारण चौदा सेंटिमीटरची लागते.

पण मोजायचे होते सगळे कर्ण, म्हणून उरलेल्या जागी दोरा ताणला. आधी एका कोपऱ्यापाशी थांबलो. तिथून बाकीचे सात कोपरे दिसतात. तिघांकडे कड जाते. तिघांकडे जाणारी रेघ एखाद्या पृष्ठावरच राहते, ते पृष्ठकर्ण. एकच कोपरा उरतो, अगदी समोरचा, आणि त्याच्याकडे जाणारा दोरा घनाच्या पोटातून जातो. तो घनकर्ण. कुठला दोरा कोणता याची शंका आली तर पट्टी लावावी: कड १० सेंटिमीटर, पृष्ठकर्ण सुमारे १४.१, घनकर्ण सुमारे १७.३. चौथी लांबी सापडत नाही.

आता मोजणी. आठ कोपरे, प्रत्येकी तीन पृष्ठकर्ण: चोवीस टोकं, म्हणजे बारा पृष्ठकर्ण. आठ कोपरे, प्रत्येकी एक घनकर्ण: आठ टोकं, म्हणजे चार घनकर्ण. हे चारही घनाच्या मध्यावर एकमेकांना भेटतात, म्हणून तिथं काड्या बसत नाहीत, दोराच लागतो. एकूण कर्ण सोळा.

पृष्ठकर्ण दुसऱ्या वाटेनं मोजताना मुलं अडखळली. सहा पृष्ठं, प्रत्येकावर दोन, म्हणजे बारा. एकानं सवयीनं निम्मे केले आणि सहा सांगितले. मी त्याला एवढंच विचारलं, "हा दोरा किती पृष्ठांवर आहे?" त्यानं घन फिरवून पाहिला. एकाच. म्हणजे तो एकदाच मोजला गेला, भागायचं कारण नाही. कडांचं मात्र वेगळं. सहा पृष्ठांना चार-चार कडा धरल्या तर चोवीस होतात, पण प्रत्येक कड दोन पृष्ठांची असते, म्हणून बारा. कोपरेही असेच मोजले तर चोवीस येतात, पण एका कोपऱ्यात तीन पृष्ठं मिळतात, म्हणून तिनानं भागायचं, की आठ येतात. एकच संख्या, चोवीस, एकदा दोननं भागली, एकदा तिनानं. भागाकार ठरतो तो एकाच प्रश्नानं: ही वस्तू मी किती वेळा मोजली?

आठ खुंट्या आणि आठ कोपरे यांचा हिशेब शेवटी एकाच ठिकाणी येतो. आठ बिंदूंतून दोन निवडायच्या जोड्या किती? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त याची रीत आहे. आठ, सात असे उतरते आकडे मांडायचे, त्यांच्याखाली एक, दोन असे चढते, आणि गुणून भागायचं: छप्पन्न भागिले दोन, अठ्ठावीस. त्यांचं उदाहरण राजवाड्याच्या आठ झरोक्यांचं आहे. त्यातले दोनच उघडायचे तर प्रकार अठ्ठावीस. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

अष्टकोनात या अठ्ठावीस जोड्यांपैकी आठ बाजू असतात, म्हणून कर्ण वीस. घनात बारा कडा असतात, म्हणून कर्ण सोळा. जोड्या तेवढ्याच, फक्त कडेला गेलेल्या किती ते वेगळं. म्हणूनच अष्टकोनाचं सूत्र घनाला लावलं की उत्तर चुकतं. त्यातले ते तीन म्हणजे 'स्वतः आणि दोन शेजारी', पण घनाच्या कोपऱ्याला शेजारी तीन असतात. तीनऐवजी चार वजा करा: आठ गुणिले चार, भागिले दोन, सोळा. तिन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात, आणि मोजणी बरोबर असल्याची याहून चांगली खूण नाही.

वाचकांनी घरी एक प्रयोग करावा. त्रिकोणी तळाचा लोलक घ्या: सहा कोपरे, नऊ कडा. जोड्या पंधरा, म्हणून कर्ण सहा. आता पृष्ठं पाहा. तीन चौकोनी पृष्ठांवर दोन-दोन कर्ण, म्हणजे सहाही तिथंच संपले, आणि त्रिकोणी पृष्ठांना कर्ण नसतोच. याचा अर्थ या लोलकाच्या पोटातून जाणारा कर्ण एकही नाही. भेंड हाताशी नसेल तर कागदावर काढून खात्री करा.