चर्चमधली लग्नं आणि मृत्युदर

जॉर्ज उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८६६ ते १९११ या काळात एकूण लग्नांपैकी किती टक्के लग्नं चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने लागली, हा पहिला आकडा. त्याच वर्षांतला दर हजारी मृत्युदर, हा दुसरा. दोघांचा सहसंबंध निघाला ०.९५. सहसंबंध १ च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे हा जवळपास परिपूर्णच. खरा मानायचा, तर लोकांनी चर्चमध्ये लग्नं लावणं थांबवावं आणि दीर्घायुषी व्हावं!

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, ‘काळाबरोबर दोन्ही घटत गेले, एवढंच.’ विज्ञानाचा प्रसार झाला, त्याने धर्माची पकड सैल केली आणि आरोग्यही सुधारलं, असंही म्हणता येतं. यूलला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. कारण कोणताही सामाईक कारक नसताना, अगदी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन मालिकांमध्येही असा सहसंबंध सर्रास उगवतो. तो का उगवतो, हे समजायला नाणं पुरतं.

समजा, अ आणि ब वेगवेगळ्या घरांत बसून नाणं उडवत आहेत. छापा पडला की एक गुण मिळतो, काटा पडला की एक गुण जातो. समजावण्यापुरता मी दहा-दहा फेकींचा एक नमुना रचला आहे. अ ला तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या फेकीत काटा पडला, ब ला दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या. बाकी सगळे छापे. प्रत्येक फेकीनंतरची जमा बेरीज अशी:

अ: १, २, १, २, ३, ४, ३, ४, ५, ४
ब: १, ०, १, २, १, २, १, २, ३, ४

या दोन बेरजांचा सहसंबंध काढला तर ०.६८ येतो. कुणीही म्हणेल, दोघांचं काहीतरी साटंलोटं आहे. आता बेरजा बाजूला ठेवून मूळ फेकींचाच सहसंबंध काढा. तो येतो फक्त ०.०५, म्हणजे जवळपास शून्य. माहिती तीच, फेकीही त्याच. संबंध फेकींत नव्हताच; तो बेरजेने निर्माण केला.

बेरजेचा गुण असा की ती मागचं काहीच विसरत नाही. तिसऱ्या फेकीत गेलेला गुण दहाव्या बेरजेतही गेलेलाच असतो. त्यामुळे बेरीज एकदा वर सरकली की तिथून खाली खेचणारं काहीच नसतं आणि ती बराच काळ वरच रेंगाळते. दुसरी बेरीजही अशीच कुठेतरी रेंगाळत असते. दोघींचा रोख योगायोगाने जुळला तर सहसंबंध धन, उलटा असला तर ऋण. शून्याच्या आसपास तो क्वचितच राहतो.

ही स्मृती मोजता येते. आजच्या आकड्यात कालच्या आकड्याचा किती हिस्सा उतरतो, ते पाहायचं. हिस्सा ०.५ असेल तर आज बसलेला १०० चा धक्का उद्या ५० उरतो, परवा २५, आणि दहा टप्प्यांनंतर जेमतेम ०.१. हिस्सा ०.९ असेल तर दहा टप्प्यांनंतरही ३५ उरतो, पण विरत जातो. हिस्सा बरोबर १ असेल तर मात्र तो शंभरचा शंभरच राहतो, कायमचा. या शेवटच्या प्रकाराला ‘युनिट रूट’ म्हणतात, कारण मालिकेच्या समीकरणाचं मूळ तिथे नेमकं १ येतं.

हिस्सा १ पेक्षा कमी असलेली मालिका आपल्या सरासरीकडे परत येते. तिची सरासरी, तिचा पसारा आणि ठरावीक अंतरावरच्या आकड्यांचं नातं काळागणिक बदलत नाही. अशी मालिका ‘स्थिर’. युनिट रूटवाली मालिका स्थिर नसते. नाण्याच्या बेरजेचा पसारा (प्रमाण विचलन) १०० फेकींनंतर १० असतो, ४०० फेकींनंतर २०, आणि पुढे वाढतच जातो. तिला परतायला घरच नाही. किमतींचा निर्देशांक, शेअरचे भाव, राष्ट्रीय उत्पन्न या मालिका बऱ्याचदा याच जातीच्या वागतात.

क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४ साली संगणकावर अशा स्वतंत्र मालिकांच्या १०० जोड्या तयार केल्या, प्रत्येकी ५० आकड्यांच्या, आणि एका मालिकेवरून दुसरी समजावणारं रिग्रेशन चालवलं. नेहमीच्या कसोटीनुसार साधारण ५ जोड्यांत खोटा संबंध दिसायला हवा होता. दिसला ७७ जोड्यांत. कसोटी फसते, कारण ती प्रत्येक आकड्याला नवा, स्वतंत्र पुरावा मानते. पण रेंगाळणाऱ्या मालिकेतले ५० आकडे म्हणजे ५० साक्षीदार नव्हेत. प्रत्येक जण मागच्याचीच जबानी थोडी फिरवून देत असतो. आणखी माहिती गोळा करूनही सुटका नाही. पीटर फिलिप्स यांनी १९८६ साली गणिताने दाखवून दिलं की मालिका जितकी लांब, तितकी ही फसवी खात्री वाढत जाते.

फसवणूक ओळखायची खूण रिग्रेशनच्या उरलेल्या चुकांमध्ये सापडते. त्या सलग बराच काळ धन आणि मग सलग ऋण राहत असतील, तर सावध व्हावं. डर्बिन-वॉटसन नावाचा आकडा हेच मोजतो. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर तो २ च्या आसपास असतो, फसव्या रिग्रेशनमध्ये शून्याकडे घसरतो.

उपाय म्हणजे बेरीज उलगडणं. प्रत्येक आकड्यातून आधीचा वजा करा. नाण्याच्या बेरजेतून पुन्हा फेकी मिळतात. भावांच्या पातळीऐवजी भावांतला बदल मिळतो. युनिट रूट निघून जातं, मालिका स्थिर होते आणि नेहमीची कसोटी पुन्हा कामाची ठरते. सरळ रेषेत चढणारा कल असेल तर वजाबाकीनंतर तो निव्वळ एक स्थिरांक होऊन बसतो. प्रश्नही बदलतो, हे ध्यानात ठेवावं. ‘दोन्ही वर आहेत का’ असं आता आपण विचारत नाही. ‘एक नेहमीपेक्षा जास्त हलला त्या वर्षी दुसराही हलला का’ असं विचारतो, आणि हा प्रश्न कितीतरी कठोर आहे.

पण वजाबाकी सरसकट करू नये. मालिका एका ठाम रेषेभोवतीच हलत असेल, तर ती रेषा काढून टाकणं पुरे. वजाबाकी केली तर शेजारच्या चुकांमध्ये नसलेलं नातं आपणच घुसडतो. म्हणून आधी डिकी-फुलर चाचणी करतात. आजचा बदल कालच्या पातळीवर अवलंबून आहे का, हे ती पाहते: पातळी वर गेल्यावर मालिका खाली खेचली जात असेल तर युनिट रूट नाही. मात्र इथे नेहमीचा तक्ता चालत नाही. मोठ्या नमुन्यात, साध्या स्थिरांकासह, ५ टक्क्यांची मर्यादा −२.८६ आहे. शिवाय हिस्सा ०.९५ की १, हे थोड्या वर्षांच्या माहितीवरून चाचणीला नीट ओळखता येत नाही.

वजाबाकीत एक खरं नुकसानही होतं: पातळ्यांमधलं दूरगामी नातं पुसलं जातं. अल्प आणि दीर्घ मुदतीचे व्याजदर दोन्ही भटकतात, पण त्यांच्यातलं अंतर फार ताणलं जात नाही. रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ साली अशा जोड्यांसाठी वेगळी वाट दाखवली. आधी पातळ्यांचं रिग्रेशन करायचं आणि उरलेल्या चुका स्थिर आहेत का ते तपासायचं. असतील तर नातं खरं मानायचं आणि बदलांच्या समीकरणात मागच्या वेळची चूकही घालायची. फक्त या चुका आपणच शक्य तितक्या लहान करून घेतलेल्या असल्यामुळे त्या मुळातच स्थिर भासतात. म्हणून दोन मालिकांच्या तपासणीत −२.८६ पुरत नाही, सुमारे −३.३४ च्या खाली जावं लागतं.