पेव्हर ब्लॉकचे अंगण : वाळू किती, काप किती

पहिल्या पावसात अंगणात डबकी साचली की दोष ब्लॉकला दिला जातो. चूक बहुधा त्याखालच्या वाळूत असते. खडी-मुरमाचा पाया कुठे खोलगट राहिला की तिथे थोडी जास्त वाळू ओढून मोकळे होतात. त्या दिवशी फरशी सपाट दिसते. पण वाळू जाडीच्या प्रमाणात दबते, म्हणून जिथे थर जाड तिथेच ब्लॉक खचतात. खोलगट भाग आधी खडीनेच भरून, दाबून घ्यायचा. पाण्याचा उतारही पायातच काढायचा, मीटरमागे १५ ते २० मिलिमीटर.

वाळूचा थर दबल्यावर साधारण ३० मिलिमीटर राहावा. त्यासाठी ४० मिलिमीटर जाडीचे दोन पाइप पायावर ठेवून मध्ये जाड वाळू ओततात आणि पाइपांवरून पट्टी ओढतात. नंतर पाइप काढून त्यांच्या खाचा भरायच्या. या वाळूवर पाय द्यायचा नाही. ब्लॉक मांडताना ते हव्या त्या पातळीपेक्षा सुमारे १० मिलिमीटर वर असले पाहिजेत. प्लेट कॉम्पॅक्टर फिरवला की बसतात.

आता हिशेब. अंगण २० बाय १५ फूट, म्हणजे ६०९६ बाय ४५७२ मिलिमीटर. ब्लॉक २०० बाय १०० चा, जाडी ६०, सांधा ३. लांबीत ३० ब्लॉक नेमके बसतात. रुंदीत ४४ ओळी होतात आणि ४० मिलिमीटर उरतात. सांधा सोडला तर तिथे ३७ रुंद आणि ६० जाड अशी चिरफळी कापावी लागेल; रुंदीपेक्षा उंचच. असे तुकडे आधी हलतात, मग निघतात. त्यापेक्षा कडेचा काँक्रीटचा काठ ४० मिलिमीटर आत घ्यावा, म्हणजे ती ओळ कापावीच लागत नाही. सांधे प्रत्यक्षात थोडे कमीजास्त होतात, म्हणून दोन बाजूंचे काठ आधी पक्के करावेत आणि उरलेले दोन ब्लॉक मांडून पाहिल्यावर.

एकूण ब्लॉक ४४ गुणिले ३०, म्हणजे १३२०. विटांच्या बांधणीसारखी सांधमोड ठेवली तर एकाआड एक ओळीच्या दोन्ही टोकांना अर्धा ब्लॉक लागतो. एका ब्लॉकचे दोन अर्धे होतात, त्यामुळे कापण्यात जवळजवळ काही वाया जात नाही. तुटफुटीसाठी ५ टक्के, म्हणजे ६६ जादा घेतले की १३८६ पुरतात. तीच नक्षी ४५ अंशांत तिरकी घातली तर चारही कडांना त्रिकोणी काप येतात. तेव्हा १० टक्के धरून १४५० मागवावेत.

वाळू दबलेली सुमारे ३० घनफूट लागते. मोकळी मोजताना एक तृतीयांश जादा धरून ४० होते, सांध्यांची वेगळी. अर्धा ब्रास मागवला की दोन्ही भागते.

उरलेले ब्लॉक परत पाठवू नयेत. पुढे नळ दुरुस्तीसाठी फरशी उखडावी लागली, तर त्याच रंगाचा माल पुन्हा मिळेलच असे नाही.