‘त्यामुळे’ लिहिण्याआधी: नगरच्या वेढ्याचा एक परिच्छेद

अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, भुईकोट किल्ल्यावर टीप लिहायला सांगितली की बहुतेक वह्यांमध्ये असा मजकूर येतो:

‘१५९५ मध्ये मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला लढवला. तिने वऱ्हाड मोगलांना दिले. वेढा उठला. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली. किल्ला मोगलांकडे गेला.’

यातले एकही विधान खोटे नाही. पण किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीने वऱ्हाड का दिले, हे वाचणाऱ्याला कळत नाही. अशा वेळी ‘जोडशब्द घाला’ असा सल्ला मिळतो, आणि इथूनच काही गैरसमज सुरू होतात.

गैरसमज १: जोडशब्द घातले की परिच्छेद सलग होतो.

वस्तुस्थिती: जोडशब्द संबंध दाखवतो, तयार करत नाही. ‘चांदबिबीने किल्ला लढवला, त्यामुळे तिने वऱ्हाड दिले’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असले तरी अर्थाने फसलेले आहे. किल्ला लढवल्याचा परिणाम म्हणून कोणी प्रांत देत नाही. ‘त्यामुळे’च्या जागी ‘परंतु’ घातले तर विरोध दिसतो, पण कोडे सुटत नाही. कारण इथे शब्द कमी नाही, माहिती कमी आहे.

ती माहिती अशी: डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद नगरला येऊन धडकला. फेब्रुवारी १५९६ मध्ये मोगलांच्या सुरुंगाने तटाला खिंडार पडले, पण चांदबिबीने हल्ला थोपवला आणि रातोरात ते बुजवून घेतले. वेढा लांबला तसे किल्ल्यातले लोक टेकीला आले. बाहेर मोगलांकडेही धान्य-चाऱ्याची टंचाई होती, मुराद आणि मोगल सरदार खानखानान यांचे पटत नव्हते आणि विजापूरकडून मदतीची फौज येत होती. म्हणजे तहाची गरज दोन्ही बाजूंना होती. ही माहिती भरली की ‘त्यामुळे’ आपोआप आपल्या जागी बसते. जोडशब्द अडखळला, तर दुसरा जोडशब्द शोधण्याआधी मधली घटना शोधावी.

गैरसमज २: ‘त्यानंतर’ आणि ‘त्यामुळे’ यांत फारसा फरक नाही.

वस्तुस्थिती: ‘त्यानंतर’ फक्त काळाचा क्रम सांगतो, ‘त्यामुळे’ कारण सांगतो. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि त्यानंतर लवकरच किल्ला पडला, हा क्रम पक्का आहे. पण ‘ती मारली गेली, त्यामुळे किल्ला पडला’ असे लिहिताना एक प्रश्न विचारावा: पहिली घटना घडली नसती, तर दुसरी टळली असती का?

अकबराचा दुसरा मुलगा दानियाल याच्या फौजेने किल्ला आधीच वेढला होता. किल्ला टिकणार नाही हे ओळखून चांदबिबी स्वतः बोलणी करण्याच्या मताची होती. ती जगली असती तरी किल्ला बहुधा मोगलांकडेच गेला असता, फक्त तडजोडीने. म्हणून इथे ‘त्यामुळे’ फार मोठा दावा ठरतो. ‘तिच्या मृत्यूने किल्ल्याची उरलीसुरली एकजूट मोडली’ एवढेच म्हणणे पुराव्याला धरून आहे.

गैरसमज ३: ‘म्हणून’ म्हणजे परिणाम, बाकी काही नाही.

वस्तुस्थिती: मराठीत ‘म्हणून’ किमान दोन कामे करते. व्याकरणाच्या पुस्तकात ते परिणामबोधक आणि उद्देशबोधक अशा दोन्ही यादींत सापडते. ही दोन वाक्ये पाहा:

‘वऱ्हाड दिले म्हणून वेढा उठला.’

‘वेढा उठावा म्हणून वऱ्हाड दिले.’

पहिले वाक्य परिणाम सांगते, दुसरे हेतू. इतिहासात हा फरक फार मोठा आहे, कारण माणसाचा हेतू आणि प्रत्यक्ष परिणाम नेहमी जुळत नाहीत. १५९६ च्या तहात चांदबिबीचा हेतू किल्ला आणि बहादूर या बालराजाची गादी वाचवण्याचा होता. तात्पुरता तो साधला. पण त्याच तहाने मोगलांना दख्खनमध्ये पाय रोवायला वऱ्हाड मिळाले, आणि हा परिणाम तिला नको असलेला होता. हेतू सांगायचा तर क्रियापद ‘-आवा, -आवे’ असे लिहावे, परिणाम सांगायचा तर ‘-ल्यामुळे’ किंवा ‘परिणामी’ वापरावे. मग वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

‘म्हणून’चा आणखी एक धोका आहे. ‘ती मोगलांना फितूर झाली म्हणून सैनिकांनी तिला मारले’ असे लिहिले, की फितुरीचा आरोप लेखकाच्याच तोंडी जातो. ती समजूत मारणाऱ्यांची होती. म्हणून ‘ती फितूर झाली अशा समजुतीने सैनिकांनी तिला मारले’ असे लिहावे. कारण कोणाच्या मनातले आहे, हे वाक्यातच दिसले पाहिजे.

गैरसमज ४: ‘परंतु’, ‘मात्र’, ‘तरीही’ यांपैकी कोणताही चालतो.

वस्तुस्थिती: ‘परंतु’ दोन विसंगत गोष्टी शेजारी ठेवते. ‘मात्र’ एका गोष्टीला वेगळे काढते: ‘वऱ्हाड गेले, किल्ला मात्र राहिला.’ ‘तरीही’ म्हणजे अपेक्षा होती आणि ती मोडली.

‘चांदबिबी हुसेन निजामशहाची मुलगी होती, तरीही तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले’ असे लिहिले, तर वाचणारा विचारेल, यात ‘तरीही’ कशासाठी? इथे अपेक्षाच मांडलेली नाही. आता हे पाहा: ‘सोलापूरच्या किल्ल्यावरून दोन्ही घराण्यांत वैर होते. तरीही विजयनगरविरुद्ध एकत्र येण्यासाठी त्यांनी सोयरीक केली आणि सोलापूर आंदण दिले गेले.’ आधी वैर सांगितले, त्यामुळे ‘तरीही’ला आधार मिळाला. ‘तरीही’ लिहिताना मोडलेली अपेक्षा आधीच्या वाक्यात आहे का, हे एकदा पाहावे.

आता तोच परिच्छेद

‘डिसेंबर १५९५ मध्ये मुरादच्या मोगल फौजेने नगरचा किल्ला वेढला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तरीही चांदबिबीने किल्ला हातचा जाऊ दिला नाही. वेढा लांबल्यामुळे किल्ल्यातले लोक थकले होते. मोगल छावणीतही टंचाई आणि मतभेद होते. परिणामी, दोन्ही बाजू तहाला तयार झाल्या. किल्ला आणि बालराजाची गादी वाचावी म्हणून चांदबिबीने वऱ्हाड दिले. या तहाने वेढा उठला, परंतु मोगलांना दख्खनमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली. १६०० मध्ये ते पुन्हा आले. चांदबिबी बोलणी करू पाहत होती, पण ती फितूर झाली अशा समजुतीने तिच्याच सैनिकांनी तिला मारले. त्यानंतर लवकरच किल्ला पडला. राज्य मात्र संपले नाही, कारण मलिक अंबरने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि निजामशाही १६३६ पर्यंत टिकली.’

इथे ‘त्यामुळे वेढा उठला’ असे न लिहिता ‘या तहाने’ लिहिले आहे. ‘त्यामुळे’तले ‘त्या’ मागच्या चार घटनांपैकी कोणाकडेही बोट दाखवू शकते, तहाचे नाव घेतले की ती शंका उरत नाही. आणि किल्ला पडल्याच्या वाक्यात ‘त्यानंतर’ आहे, ‘त्यामुळे’ नाही, कारण पुरावा क्रमाचा आहे, कारणाचा नाही.