हाडाजवळची लाली
(स्वयंपाकातलं शास्त्र : भाग ९)

थंडीत कर्जत-खालापूरच्या शेतांवर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे मसाला चोळलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. मग कुणीतरी मडक्यावर पाणी शिंपडतं. चर्रकन आटलं की पोपटी झाली म्हणायची. पण त्या पाण्यावरून कळतं ते मडकं तापल्याचं. आतलं मांस किती तापलं, हे त्यावरून कळत नाही.

गेल्या शनिवारी आमचं मडकं उघडलं तेव्हा मांडीच्या तुकड्यात हाडालगत चक्क लाल रंग होता. "कच्चं राहिलं," म्हणत भाच्याने तो बाजूला ठेवला. मी टोचायचा थर्मामीटर हाडाला न लावता जाड भागात घातला. पारा ८२ अंश सेल्सियस. कोंबडीतले साल्मोनेलासारखे जंतू मरायला आतलं मांस ७४ अंशांपर्यंत पोचलं की पुरतं. म्हणजे तो तुकडा पूर्ण शिजलेला होता.

मग लाली कसली? बाजारातली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिची हाडं अजून पुरती भरलेली नसतात, सच्छिद्र असतात. शिजताना मज्जेतलं लाल द्रव्य त्यांतून झिरपून लगतच्या मांसात उतरतं. फ्रीझरमधली कोंबडी असेल तर ते अधिकच गडद दिसतं. जून गावठी कोंबडीची हाडं घट्ट असतात, म्हणून तिथे हा प्रकार कमी. दुसरं कारण धूर. लाकूडफाट्याच्या धुरातले काही वायू मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला चिकटतात आणि त्याचा गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. भट्टीतल्या मांसाच्या कडेला गुलाबी पट्टा दिसतो तो यामुळेच.

खरा धोका त्याच मडक्यात दुसरीकडे होता. छातीचा एक मोठा, चिरा न दिलेला तुकडा शेंगांच्या मधोमध बसला होता. बाहेरून पांढराशुभ्र, कुणालाच शंका आली नाही. आत पारा ६१. छातीच्या मांसात मायोग्लोबिन मुळात कमी, त्यामुळे ते लवकर पांढरं होतं आणि आपण फसतो. ओल्या शेंगांची वाफ मडक्यातली उष्णता शंभर अंशांच्या आसपास धरून ठेवते, तेव्हा जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत ऊब पोचायला वेळ लागतोच. तो तुकडा चिरून, झाकण घालून कढईत दहा मिनिटं ठेवला आणि ७४ ओलांडल्यावरच वाढला.

थर्मामीटर नसेल तर जाड भाग चिरून पोत बघा. काचेसारखं चमकणारं, बुळबुळीत, हाडाला घट्ट धरून बसलेलं मांस कच्चं. तंतू सुटे झालेलं, अपारदर्शक आणि हाडावरून सहज सुटणारं मांस बहुधा शिजलेलं, मग हाडालगत लाली असली तरी. पण ही खूण थर्मामीटरइतकी पक्की नाही. शंका राहिली तर तुकडा पुन्हा कढईत टाका, आणि पुढच्या पोपटीला तुकडे लहान करून त्यांना हाडापर्यंत चिरा द्या.