तिघांना पुरेल असा सिनेमा

सत्तरीतली आजी, दहावीतला नातू आणि सहा वर्षांची नात यांनी एकत्र बसून पाहायचा सिनेमा निवडताना मी आधी सहा वर्षांच्या मुलीचा विचार करते. कंटाळा आला तर आजी सांभाळून घेते, नातू मोबाइल काढतो. पण लहान मूल घाबरलं की सगळ्यांचाच सिनेमा थांबतो.

विषय वाचून सिनेमा निवडला की इथेच फसगत होते. २००४चा ‘श्वास’ घ्या. आजोबा आणि नातू यांची गोष्ट, म्हणजे आपल्यासाठीच, असं वाटतं. सिनेमा अप्रतिम आहे. पण त्यातल्या परशाला डोळ्यांचा कॅन्सर आहे आणि जीव वाचवायला दृष्टी गमवावी लागणार आहे. आजी आणि नातू दोघंही तो मनापासून पाहतील. सहा वर्षांची मुलगी मात्र रात्री अंधारात डोळे मिटायला घाबरेल. मुलांविषयीचा सिनेमा मुलांसाठी असतोच असं नाही, आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहूनही हे कळत नाही.

माझी कसोटी साधी आहे: आवाज बंद करून पहिली दहा मिनिटं पाहायची. नुसत्या चित्रांवरून बरंचसं कळत असेल, तर तो सिनेमा लहानग्यांना कळतो आणि कमी ऐकू येणाऱ्या आजीलाही. सबटायटल्सच्या भरवशावर राहू नये. नातीला ती वाचता येत नाहीत आणि आजीला तेवढ्या वेगाने वाचवत नाहीत.

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या कसोटीला उतरतो. दादासाहेब फाळके भारताचा पहिला कथापट कसा बनवतात, ही त्याची गोष्ट. तो जेमतेम दीड तासाचा आहे, आणि मूकपटासारखी धावपळ, हावभाव यांवरच त्याची गंमत उभी आहे. फाळक्यांची मुलं सारखी पडद्यावर असतात, त्यामुळे नातीचं लक्ष टिकतं. फाळके वाटाण्याचं रोप उगवताना टप्प्याटप्प्याने चित्रित करतात; फोनवर टाइमलॅप्स करणाऱ्या नातवाला त्यामागची मेहनत लगेच कळते. स्त्रीभूमिका करायला बायका मिळत नाहीत म्हणून पुरुष उभे केले जातात, तर ते मिशी काढायला तयार नसतात. नात साड्या नेसलेल्या बाप्यांना हसते. वडील हयात असताना मिशी का काढत नसत, हे आजी सांगू लागली की नातूही कान देतो.

याही सिनेमात एक अवघड जागा आहे. फाळक्यांची दृष्टी काही काळ जाते. तो प्रसंग येण्याआधीच नातीला सांगून ठेवावं, की त्यांना पुन्हा दिसायला लागणार आहे. शेवट आधी कळला म्हणून या वयाची मुलं हिरमुसत नाहीत. उलट निर्धास्तपणे पुढचं पाहतात.