गणपतीची रजा जुलैत ठरते

2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. दादरहून 12 तारखेच्या गाडीने कोकणात जायचे, तर रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी, म्हणजे 14 जुलैला उघडणार आणि बघता बघता भरणार. त्या सकाळी आपली रजा मंजूर आहे की नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो तिकीट कशाच्या भरवशावर काढणार? तरी बहुतेक दुकानांत रजेचा नियम एका ओळीचा असतो: पंधरा दिवस आधी अर्ज करावा. हा नियम पाळणारा चाकरमानी ऑगस्टच्या अखेरीस अर्ज देतो. तोवर त्याच्या मित्राने रजेची वाट न पाहता तिकीट काढून ठेवलेले असते, आणि रजा मिळाली नाही तरी तो जाणारच असतो.

म्हणून रजेचे धोरण आखायला बसताना मी आधी कॅलेंडर उघडायला सांगतो, कायदा नंतर. उदाहरण म्हणून दादरमधले चोवीस माणसांचे साडीचे दुकान डोळ्यासमोर ठेवू. पंधरा जण काऊंटरवर, तिघे गल्ल्यावर, तिघे गोदामात, दोघी फॉल-पिकोला आणि एक व्यवस्थापक. त्यांतले दहा रत्नागिरी-सिंधुदुर्गचे, पाच उत्तर प्रदेश-बिहारचे, बाकीचे मुंबईतलेच. सोमवारी दुकान बंद.

या दुकानाला महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यात रजेची तीन खाती आहेत. पहिले किरकोळ रजेचे, ज्याला सगळे सीएल म्हणतात: वर्षाला आठ दिवस, दर तिमाहीला दोन या हिशेबाने जमा, आणि 31 डिसेंबरला उरतील ते बाद. दुसरे अर्जित रजेचे, म्हणजे पीएलचे: वर्षात 240 दिवस काम भरले की कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस, आणि ती रजा पुढच्या वर्षी वापरायची. तिसरे सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्यांचे. त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. कायदा सांगतो ते किमान आहे, त्याहून जास्त द्यायला मालकाला कोणी अडवलेले नाही.

आता एका काऊंटरवाल्याचे खाते पाहू. गेल्या वर्षी त्याचे 280 दिवस भरले, म्हणजे यंदा चौदा दिवस अर्जित रजा. ती 1 जानेवारीला एकरकमी खात्यात पडते. सरकारी नोकराची अर्जित रजा 1 जानेवारी आणि 1 जुलै अशी पंधरा-पंधरा दिवसांनी आगाऊ जमा होते, त्यामुळे वर्षाच्या मध्यात खाते पुन्हा भरते. दुकानदाराकडे तसे होत नाही. मे महिन्यात मुलांना घेऊन दहा दिवस गावी गेलेल्या माणसाकडे सप्टेंबरसाठी चारच दिवस उरतात. किरकोळ रजा तोवर तीन तिमाहींची सहा जमा झालेली असते, पण त्यातली दोन-तीन आजारपण आणि शाळेच्या मीटिंगने खाल्लेली असतात. मग सुरू होते ‘शेठ, बिनपगारी द्या’. माणसाने उधळपट्टी केली असे मालकाला वाटते. खरे तर रजा कधी लागणार, हे जानेवारीत त्याला कोणी विचारलेलेच नसते.

उपाय साधा आहे. रजा जमा होते त्याच आठवड्यात प्रत्येकाने आपला एक मोठा सण नोंदवायचा आणि त्यासाठी सहा दिवस बाजूला ठेवायचे. ही मंजुरी नव्हे, नुसती नोंद. पण तीवरून व्यवस्थापकाला जानेवारीतच कळते की सप्टेंबरच्या एकाच आठवड्यावर दहा जणांचा डोळा आहे. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला शिल्लक रजा छापावी. मस्टरमध्ये आहे, विचारले की सांगतो, याने कोणाचेच समाधान होत नाही.

न वापरलेली अर्जित रजा पुढे नेता येते, पण जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांपर्यंत. ज्याच्या खात्यात आधीच 43 दिवस आहेत त्याला नवे चौदा मिळाले, तर दोनच मावतात आणि बारा हवेत जातात. इथे कायद्यात एक अट आहे, जी दुकानांमध्ये फारशी कोणाला माहीत नसते. कामगाराने पंधरा दिवस आधी अर्ज केला आणि मालकाने रजा नाकारली, तर पंचेचाळीसच्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा त्याला हक्क आहे. म्हणजे अर्ज आणि नकार, दोन्हींचा पुरावा हवा. प्रत्यक्षात काय घडते? तो गल्ल्याजवळ जाऊन हळूच विचारतो, शेठ मान न वर करता म्हणतात, ‘दिवाळीनंतर बघू.’ कागद नाही, तारीख नाही. वर्ष संपते, बारा दिवस जातात, आणि विचारायला जावे तर ‘तू मागितलीस कुठे?’ धोरणात म्हणून एवढे वाक्य असावेच: प्रत्येक अर्जाला सात दिवसांत लेखी उत्तर, व्हॉट्सअ‍ॅपवर असले तरी चालेल, आणि नकार असेल तर कारणासह.

साठलेली रजा मालकालाही परवडत नाही. महिना 21,000 पगार आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर दिवसाचे साधारण 808 रुपये होतात, म्हणजे पंचेचाळीस दिवसांचे 36 हजारांच्या वर. चोवीसही जणांची खाती काठोकाठ भरली तर जवळपास पावणेनऊ लाखांचे देणे दुकानाच्या डोक्यावर उभे राहते. जुना माणूस नोकरी सोडतो त्या महिन्यात ते एकदम अंगावर येते. तीसच्या वर शिल्लक गेलेल्यांची यादी जुलैत काढून त्यांना रजेवर जायला सांगणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

आता गणपतीचा आठवडा. किती जण एका वेळी गैरहजर चालतील, याचे उत्तर बहुतेक मालक एका आकड्यात देतात: ‘आठ जण सुटले तरी भागेल.’ त्या आठांत गल्ल्यावरचे तिघेही असले तर बिल कोण करणार? म्हणून आकडा कामानुसार हवा. साड्यांची खरेदी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात जोरात असते, चतुर्थी उजाडली की मंदावते. त्या मंद दिवसांत काऊंटरवर नऊ माणसे पुरतात, म्हणजे पंधरांतले सहा सुटू शकतात. गल्ल्यावर दोघे हवेत, म्हणजे एकच सुटेल. (दुकान सातही दिवस उघडे असते आणि साप्ताहिक सुट्ट्या आळीपाळीने असत्या, तर काऊंटरवरचे दोघे रोज तसेच गैरहजर असते. मग सहाच्या जागी चारच धरावे लागले असते. हा हिशेब विसरल्याने भल्याभल्यांची फजिती होते.)

कोकणातल्या दहांपैकी आठ काऊंटरवर आहेत आणि दोघे गल्ल्यावर. आठांना जायचे आहे, जागा सहा. आधी अर्ज करेल त्याला आधी, हा नियम दिसायला निष्पक्ष आहे. पण अर्ज कधी उघडणार ही बातमी ज्याला आधी कळते त्याचाच तो होतो. जुन्या माणसाला प्राधान्य दिले तर नवा मुलगा दहा वर्षे गणपतीला घरी जाणार नाही. पाचव्या वर्षीच तो दुसरे दुकान धरेल. दोन तुकड्या करून पाठवणे कागदावर छान वाटते, पण प्रतिष्ठापनेलाच सगळ्यांना घरी असायचे असते. ‘तुझा गणपती दीड दिवसाचा, त्याचा पाच दिवसांचा’ अशी तुलना व्यवस्थापकाने करायला बसू नये. कोणाच्या घरचा देव मोठा हे ठरवण्याचे काम त्याचे नाही.

टिकते ती पाळी. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून दोघे थांबतील, पुढच्या वर्षी त्यांची जागा पक्की आणि दुसरे दोघे थांबतील. आठ माणसांत दोन, म्हणजे प्रत्येकाची पाळी चार वर्षांतून एकदा येते. वही भिंतीवर टांगलेली असावी. दोघांनी आपसात अदलाबदल केली तर व्यवस्थापकाला नुसते कळवावे, एवढेच. गल्ल्यावर मात्र गणित कडू आहे: दोघांतला एक दर वर्षाआड थांबणार. इथे नियम कामाला येत नाही, माणूस तयार करावा लागतो. गोदामातल्या, गणपतीला कुठेही न जाणाऱ्या एखाद्याला जूनमध्ये बिलिंग शिकवले, तर गल्ल्यावरचे दोघेही जाऊ शकतात.

यादी 10 जुलैपर्यंत जाहीर व्हावी, म्हणजे 14 ला तिकीट काढता येते. त्यासाठी अर्ज जूनच्या अखेरीपर्यंत घ्यावे लागतील. पंधरा दिवसांचा सर्वसाधारण नियम बाकीच्या वर्षासाठी ठीक आहे.

दिवाळीचे दुखणे वेगळे. गणपतीत माणसांची ओढ जास्त आणि गिऱ्हाईक कमी. दिवाळीत गिऱ्हाईक दारात उभे. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. त्याआधीचे दोन आठवडे नियोजित रजा बंद ठेवणे रास्त आहे. पण हाव सुटली की हीच बंदी नवरात्रापासून लग्नसराईपर्यंत ताणली जाते, आणि मग दुकानात ताप आणि जुलाबाची साथ येते. बंदीच्या आठवड्यांत अचानक घेतलेल्या रजा एरवीच्या आठवड्यांपेक्षा बऱ्याच वाढल्या, तर माणसे कामचुकार झाली असे समजू नये. बंदी लांबली असे समजावे. घरातला मृत्यू, इस्पितळ, बाळंतपण यांना ही बंदी लागू नाही, हे आधीच लिहून ठेवावे. त्या वेळी परवानगीची वाट पाहायला लावू नये.

गोदामातल्या मंडळींची छठपूजा लक्ष्मीपूजनानंतर आठवड्याभरात येते. ते 10 नोव्हेंबरला निघणार असतील, तर त्यांचे आरक्षण 11 सप्टेंबरला उघडते, नेमके चतुर्थीच्या आदल्या गर्दीत. त्या वेळी त्यांचा अर्ज बघायला कोणाला सवड नसते. त्यांचाही निर्णय गणपतीच्या यादीबरोबरच उरकला, तर काम एकदाच होते. दिवाळीला ते थांबतात, छठला बाकीचे सांभाळून घेतात, हा सौदा दोघांनाही मान्य होतो.

आणि रजा द्यायची तर द्यावी कधी? 17 मे ते 15 जून 2026 अधिक ज्येष्ठ आहे. लग्ने नाहीत, म्हणून बस्ते नाहीत. लेकी-जावयाच्या वाणाच्या साड्या तेवढ्या खपतील. 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर पितृपक्ष, त्यात तर नव्या साडीचे नावही कोणी काढत नाही. गणपतीला थांबलेल्यांनी हा पंधरवडा हवा म्हटला तर त्यांना आधी द्यावा, वर एक दिवस बक्षीस दिला तरी चालेल. ज्यांची किरकोळ रजा उरली आहे त्यांना ऑक्टोबरच्या पगारचिठ्ठीतच सांगावे. नाहीतर 31 डिसेंबरच्या भीतीने सगळे एकाच पंधरवड्यात, ऐन लग्नसराईत, सुट्टीवर जातात.

एका कलमावर मालक हमखास अडतात. मंजूर झालेली रजा दुकानाच्या गरजेपोटी रद्द करावी लागली, तर तिकिटाचे पैसे कोण देणार? माझ्या मते दुकानाने द्यावेत, आणि त्या माणसाला पुढच्या वर्षीच्या यादीत पहिला क्रमांकही द्यावा. या कलमावर सही करायला शेठ कचरत असतील, तर जूनमधली यादी पुन्हा एकदा नीट तपासायला लावावी.